मॅडमच्या २ ऑगस्टच्या सूचना : तारखा आणि अपेक्षा

ताई, शनिवारचं रेकॉर्डिंग पूर्ण ऐकलं. तुमच्या प्रबंधापुरतं इथे काढून देतेय. मिनिटं कंसात आहेत. शंका आली तर तिथे जाऊन मॅडमचे शब्दच ऐका.

पहिली तारीख २५ ऑगस्ट २०२५, सोमवार. मॅडम ‘गणपतीच्या दोन दिवस आधी’ म्हणाल्या (६:१०) आणि चतुर्थी २७ला आहे. तेव्हा तिसरं प्रकरण, गिरणगावातल्या खानावळींचं, ईमेलने पाठवायचं. वर्डमध्येच, कारण त्या फाइलमध्येच शेरे देणार आहेत.

सगळ्यात जास्त वेळ त्या याच प्रकरणावर बोलल्या (८:०० ते १३:३०), आणि मला त्यांची हरकत पटली. मुलाखतींतल्या आठवणी तारखांशी ताडलेल्या नाहीत. सार्वत्रिक संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, पण काही गिरण्यांत आधीच काम बंद होतं. बायका दोन्ही काळ एकत्र सांगतात. किमान तीन मुलाखती त्या वेळच्या वर्तमानपत्रांशी किंवा पुराभिलेखागारातल्या कागदांशी पडताळायच्या आणि तफावत तळटीपेत नोंदवायची. तफावत दिसली म्हणून आठवण गाळायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. प्रत्येक मुलाखतीचं सही केलेलं संमतीपत्र परिशिष्टात हवं. संमती तोंडी असेल तर ध्वनिमुद्रणातली वेळ द्यायची.

आरएसीच्या तारखेत गोंधळ आहे. आधी ‘पंधरा सप्टेंबर’ (१४:२०), नंतर ‘शुक्रवारी बारालाच घेऊ, बाहेरचे सदस्य तेव्हाच मोकळे आहेत’ (३१:४०). दुसऱ्या वाक्यात कारण आहे, म्हणून १२ धरा. स्लाइड्स आठवडाभर आधी, म्हणजे ५ला हव्यात. दुसऱ्या दिवशी विसर्जन आहे, तेव्हा ४लाच पाठवून मोकळ्या व्हा. सदस्यांसाठी चार छापील प्रतीही लागतील. झेरॉक्सवाल्याकडे त्याआधीच द्या.

साम्य अहवाल १० टक्क्यांच्या आत हवा (२२:१५). यूजीसीच्या २०१८च्या नियमांत हीच मर्यादा आहे. १० ते ४० टक्के साम्य आढळलं तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो. मुलाखतींतले लांब उतारे अवतरणचिन्हांत आणि संदर्भासह आहेत ना, ते आत्ताच बघा. नाहीतर तेही साम्यात मोजले जातील.

दोन शोधनिबंध ‘छापून आले तर बरं’ म्हणाल्या (२७:५०). यूजीसीच्या २०२२च्या नियमांत ती सक्ती राहिलेली नाही, म्हणून मी ती अट धरलेली नाही. तरी विद्यापीठाचं सध्याचं परिपत्रक ऑफिसातून बघून घ्या.

पूर्ण मसुदा ‘दिवाळी झाल्यावर’ (३८:०५). ही तारीख नव्हे. भाऊबीज २३ ऑक्टोबरला आहे, पण त्यावरून मी मनाने दिवस ठरवत नाही.

मॅडमना आजच मेसेज करा : ‘मॅडम, आरएसी १२ सप्टेंबरला नक्की ना? आणि पूर्ण मसुदा दिवाळीनंतर कोणत्या तारखेला देऊ?’ उत्तर आलं की मला पाठवा, मी दोन्ही तारखा यात घालते.