वापरलेल्या घरगुती सामानाची यादी: वाशी, नवी मुंबई ते मेलबर्न

न्हावा शेवा बंदरातून समुद्रमार्गे. एकूण 7 नग. किमती वापरलेल्या वस्तूंच्या, रुपयांत.

खोका 1: स्टीलची भांडी 34, पितळी तांबे 2, प्रेशर कुकर 1 (2017). 6,000
खोका 2: मराठी पुस्तके 46. 3,000
खोका 3: सुती साड्या 14, मुलांचे कपडे 30, गोधड्या 2. गोधड्या आईने जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या. किंमत नाममात्र, पण कृपया जपून उघडाव्यात. 4,500
खोका 4: मिक्सर, 750 वॉट, 230 व्होल्ट (2019), भांडी 3. 2,000
नग 5: सागवानी देव्हारा, उंची 2 फूट, वार्निश केलेला. डाव्या कोपऱ्याला जुना ओरखडा. लाकडाला साल नाही, कीड नाही. मूर्ती आत नाहीत. 5,000
नग 6: सायकल (2020). टायर, साखळी, मडगार्डची आतली बाजू धुऊन माती काढली. 3,500
खोका 7: बूट-चपला 9 जोड, तळवे ब्रशने घासलेले. 1,500

एकूण: 25,500

सर्व वस्तू आमच्या मालकीच्या, 12 महिन्यांहून अधिक वापरलेल्या, विक्रीसाठी नाहीत. मसाले, लोणची, धान्य, बिया, केरसुणी, औषधे नाहीत. खोके 1 ते 4 व 7 आम्ही स्वतः भरले; नग 5 व 6 पॅकर्सनी.