मासिक चक्रवाढीचा भार

सन्माननीय अध्यक्ष आणि सभासद बंधुभगिनींनो,

समजा, एका कर्जावर व्याजाची आकारणी वर्षातून एकदा होते आणि दुसऱ्यावर दरमहा. या दोन्ही कर्जांचा दर द.सा.द.शे. 12 असला, तरी 1,00,000 रुपयांवर वर्षभर काहीच परतफेड झाली नाही, तर वार्षिक आकारणीत 12,000 रुपये व्याज होते आणि मासिक आकारणीत सुमारे 12,683 रुपये. पहिल्या महिन्याचे 1,000 रुपये व्याज मुद्दलात मिळवले जात असल्याने दुसऱ्या महिन्यात 1,01,000 रुपयांवर 1,010 रुपये व्याज लागते, आणि ही वाढ दरमहा चालू राहते. पाच वर्षे थकल्यास फरक सुमारे 5,435 रुपयांवर जातो. दरमहा व्याज वेळेवर भरणाऱ्यावर मात्र हा चक्रवाढीचा भार पडत नाही. म्हणून करारनाम्यात दरासोबत आकारणीचा कालावधी ठळकपणे छापावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.