मीटरला काकूंचं बोलणं ऐकू येत नाही

रात्री साडेआठला आमच्या चारकोपच्या बिल्डिंगच्या जिन्यात उभं राहिलं की एकच मालिका तीन घरांतून ऐकू येते, एका घरात डायलॉग आधी, दुसऱ्या घरात जरासा मागून. अडोर्नो आणि होर्कहायमर या जर्मन विचारवंतांना वाचताना मला दरवेळी हाच जिना आठवतो. नाझी जर्मनीतून निघालेले हे दोघं लॉस एंजेलिसला, म्हणजे अगदी हॉलिवूडच्या दारात राहत होते, तिथेच त्यांनी कल्चर इंडस्ट्रीवरचं, म्हणजे कारखान्यातल्या मालासारख्या बनवल्या जाणाऱ्या करमणुकीवरचं, ते प्रकरण लिहिलं आणि 'डायलेक्टिक ऑफ एन्लाइटनमेंट' हे पुस्तक १९४७ ला अ‍ॅमस्टरडॅमला छापून आलं. आधी ते 'मास कल्चर' म्हणत होते, मग तो शब्द मुद्दाम काढला. का, ते अडोर्नोने १९६३ मध्ये सांगितलंय: लोकांना वाटायला नको की ही लोकांमधून आपोआप उगवलेली संस्कृती आहे. ती वरून बनवून येते.

चॅनलवाल्यांचं उत्तर ठरलेलं, लोकांना हेच बघायचं असतं. माझा मावसभाऊ मालिकांच्या एडिटिंगला आहे, गोरेगावला. तो सांगतो की गुरुवारी रेटिंग येतं आणि गोष्टीतल्या ज्या ट्रॅकला नंबर मिळाला तो ताणायचा, नाही मिळाला तर गुंडाळायचा, आधी शूट करून ठेवलेल्या एपिसोडची बँक नसली की सकाळी लिहिलेला सीन संध्याकाळी शूट. म्हणजे लोकांनी मागितलं म्हणून दिलं हे अर्धंच खरं, कारण जे आधी दिलं त्यातूनच निवडायचं होतं. अडोर्नोचं म्हणणं हेच, की गरज आणि ती घडवणं हे एक चक्र आहे, त्याचं टोक सापडत नाही.

पण मग आमच्या शेजारच्या काकू. दिवसभर घरी बसून इमिटेशन ज्वेलरीचे खडे चिकटवतात, मालिका सुरू झाली तरी हात थांबत नाहीत, मान वर न करता सांगतात, "आता ही दाराआडून ऐकणार बघ", आणि ती ऐकतेच. "झोपताना एवढं सोनं कोण घालतं गं?" गेल्या महिन्यात नायिका सगळं सहन करून पुन्हा सासरी गेली, म्युझिक चढलं, सगळ्यांचे डोळे पाणावले वगैरे, आणि काकूंनी हातातली डिंकाची बाटली खाली ठेवली आणि सहा महिन्यांपासून माहेरी असलेल्या मुलीला म्हणाल्या, "तू नको जाऊस हं परत."

बर्मिंगहॅमला संस्कृतीचा अभ्यासक स्टुअर्ट हॉलने १९७३ मध्ये जे मांडलं ते हेच, की बनवणारा एक अर्थ भरतो पण बघणारा तो तसाच घेईल असं नाही, कुणी मान्य करतं, कुणी थोडा स्वतःच्या सोयीने वळवतं, कुणी उलटाच लावतं. काकूंनी उलटा लावला. हे मला फार मोठं वाटतं आणि प्रेक्षकाला मठ्ठ समजणाऱ्या कुठल्याही थिअरीवर माझा राग आहे. अडोर्नोलाही हे दिसलं होतं, हे लोक विसरतात. १९६६ ला हॉलंडच्या राजकन्या बिआट्रिक्सचं लग्न टीव्हीवरून दाखवलं, त्यावर अडोर्नोच्या फ्रँकफर्टच्या संशोधन इन्स्टिट्यूटने लोकांशी बोलून बघितलं, तर लोक सोहळा आवडीने बघत होते पण त्याला फार महत्त्व द्यायला तयार नव्हते. १९६९ च्या भाषणात त्याने हे स्वतःहून कबूल केलं.

तरी माझं समाधान होत नाही. काही निवडक घरांत टीव्हीला लावलेलं रेटिंगचं मीटर आवाजावरून चॅनल ओळखतं, घरातलं कोण समोर बसलंय ते रिमोटच्या बटणावरून कळतं, पण डिंकाची बाटली खाली ठेवून कोण काय बोललं ते त्याला कळत नाही. काकूंच्या घरी मीटर नाहीये, असतं तरी त्यांचा नकार त्या ट्रॅकला मिळालेला होकार म्हणूनच मोजला गेला असता. भावाने सांगितलं की सासरी परतण्याचा तो ट्रॅक चालला, दोन आठवडे वाढवला. म्हणून प्रेक्षक अर्थ लावायला मोकळा आहे हे म्हणून थांबणारे अभ्यासक मला अर्ध्या वाटेत थांबल्यासारखे वाटतात. अर्थ काकूंचा आहे हो, पण वेळ कुणाचा? अडोर्नो म्हणतो की करमणूक म्हणजे कामाचंच लांबलेलं टोक, आणि खडे चिकटवत मालिका बघणाऱ्या बाईइतका याचा पुरावा मी दुसरीकडे बघितलेला नाही.

फक्त थकव्यावर सगळं ढकलता येत नाही पण. गिरणगावातले कामगार पाळी संपवून नाटकाच्या तालमी करायचे, शाहिरी ऐकायला रात्र काढायचे, दमलेले तेही होते. त्यांच्याकडे चाळीचा चौक होता, युनियन होती, सोबत होती. प्रेक्षकाची ताकद शोधायची तर सोफ्यावर कमी आणि अशा जागांत जास्त शोधावी असं मला वाटतं.

श्रावणात काकू आणि मजल्यावरच्या बायका साडेआठला खाली पार्किंगमध्ये मंगळागौरीची प्रॅक्टिस करतात, दोन गाड्या बाजूला लावायला लावून. कोणीतरी फुगडीत पडतं, कोणीतरी जुनं गाणं अर्धंच आठवतं आणि उरलेलं तिथेच जुळवतात, काकू तर सासूचं नाव घालून नवीन ओळ रचतात. परवा मी साडेआठला जिना उतरत होते, तिन्ही घरांचे टीव्ही बंद होते.