बंगाल शैली आणि प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप: तंत्र, काळ आणि उगमाची कारणे

कलेतिहास, द्वितीय वर्ष, सत्रकार्य 2

प्रश्न: वर्गात दाखवलेल्या ‘आधुनिक भारतीय चित्रकला’ या स्लाइड संचातील कोणत्याही दोन चळवळींची तंत्र, काळ आणि उगमाची कारणे यांच्या आधारे तुलना करा.

उत्तर:

मी बंगाल शैली आणि मुंबईचा प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या दोन चळवळी निवडल्या आहेत. संचात त्या समोरासमोर ठेवल्या असून वर ‘भारतीय की पाश्चात्य?’ असे शीर्षक आहे. हा प्रश्न मला दोन्ही चळवळींवर अन्याय करणारा वाटतो. का, ते तंत्रापासूनच दिसू लागते.

बंगाल शैलीचे प्रतिनिधी चित्र म्हणून अवनींद्रनाथ टागोरांचे ‘भारतमाता’ (1905) दाखवले आहे. भगव्या वस्त्रातली, चार हातांची तरुणी. हातांत पोथी, भाताच्या लोंब्या, शुभ्र वस्त्र आणि जपमाळ. डोक्यामागे प्रभामंडल, पायांशी पांढरी कमळे. पडद्यावर ती भिंतभर दिसते, पण मूळ चित्र वहीच्या पानापेक्षा फार मोठे नाही: सुमारे 27 सेंटिमीटर उंच आणि 15 सेंटिमीटर रुंद. त्याच्या शेजारी हुसेन यांचे ‘जमीन’ (1955) आहे. ते सुमारे साडेपाच मीटर लांब आहे आणि आपल्या पडद्यावर मात्र ‘भारतमाते’एवढेच झाले आहे. एक चित्र मांडीवर घेऊन, जवळून पाहावे असे. दुसरे पाहायला त्याच्यासमोरून चालत जावे लागते. तंत्रातला निम्मा फरक इथेच आहे आणि प्रोजेक्टर नेमका तोच पुसून टाकतो.

‘भारतमाता’ जलरंगात, वॉश पद्धतीने रंगवली आहे. कागदावर रेखाटन करायचे, पातळ रंग द्यायचा, तो वाळला की कागद पाण्यात भिजवायचा, पुन्हा रंग, पुन्हा पाणी. प्रत्येक वेळी सुटा रंग वाहून जातो आणि उरलेला कागदात मुरतो. म्हणून कडा विरघळल्यासारख्या दिसतात, पार्श्वभूमीला धुके येते आणि आकृतीला वजन राहत नाही. छायाप्रकाशाने गोलाई दाखवायची नाही, यथार्थदर्शनाने खोली दाखवायची नाही, भर रेषेवर. ही पद्धत अवनींद्रनाथांना अजिंठ्यात किंवा मुघल लघुचित्रांत सापडली नव्हती. 1903 मध्ये योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे जपानी चित्रकार कलकत्त्यात आले होते. ताइकान ओल्या ब्रशने कागद भिजवताना अवनींद्रनाथांनी पाहिले आणि पुढे जाऊन आख्खे चित्रच पाण्यात बुडवायला सुरुवात केली. म्हणजे जिला आपण सर्वांत स्वदेशी शैली म्हणतो, तिची ओळख बनलेले तंत्र जपानकडून आलेल्या प्रेरणेतून घडले. अवनींद्रनाथांचे सुरुवातीचे शिक्षण तर युरोपीय शिक्षकांकडे झाले होते.

प्रोग्रेसिव्हांच्या रकान्यात ‘तैलरंग, कॅनव्हास, जाड थर’ असे लिहिले आहे. सूझांच्या बाबतीत ते चपखल आहे: काळी, जाड, ओरबाडल्यासारखी बाह्यरेषा आणि आत सपाट, झोंबणारा रंग. पण चाळीसच्या दशकातले रझा जलरंग आणि गॉशमध्ये मुंबईचे रस्ते आणि काश्मीर रंगवत होते. आरा आणि गाडे यांचेही बरेच काम पाण्याच्या रंगांतले आहे. बाकरे तर शिल्पकार. तेव्हा या गटाला एक तंत्र नव्हतेच. समान होती ती वृत्ती: रंग वस्तूचा खरा रंग असण्याची गरज नाही, आकार मोडता येतो आणि विषयाला पुराणकथेचा आधार लागत नाही. सेझान, मातिस, पिकासो आणि जर्मन अभिव्यक्तिवादी यांच्याकडून हे आले, यात वाद नाही. पण 1948 मध्ये दिल्लीत भारतीय कलेचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा हुसेन आणि सूझा ते पाहायला गेले. मथुरेची शिल्पे आणि बसोली लघुचित्रांतले तापलेले पिवळे-लाल रंग हुसेन यांच्या पुढच्या कामात सरळ दिसतात. ‘जमीन’मधल्या जाडजूड बायका आणि बैल पॅरिसइतकेच मथुरेचेही आहेत.

काळाबद्दल थोडक्यात. बंगाल शैली विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आकाराला आली, 1907 मध्ये इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्ट स्थापन झाली आणि तिसऱ्या-चौथ्या दशकापर्यंत तिचा जोर ओसरला. नंदलाल बोस यांची हरिपुरा काँग्रेससाठीची चित्रे (1938) संचात याच शैलीखाली दाखवली आहेत, पण त्यांत वॉश नाही. पटचित्रांसारखी ठसठशीत रेषा आणि सपाट रंग आहेत. प्रोग्रेसिव्ह ग्रुप 1947 च्या अखेरीस मुंबईत स्थापन झाला. सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे हे सहा संस्थापक. 1949 मध्ये मुल्कराज आनंद यांच्या हस्ते पहिल्या प्रदर्शनाचे उद्घाटन झाले आणि 1956 पर्यंत गट विसर्जित झाला.

उगमाची कारणे पाहताना सर्वांत आधी एक समान शत्रू दिसतो: ब्रिटिश कलाशाळांतली अकादमिक शैली. पण दोघांनी तिला नाकारले ते वेगवेगळ्या कारणांनी. कलकत्त्यात ई. बी. हॅवेल हे कलाशाळेचे प्रमुख स्वतःच युरोपीय नमुने काढून मुघल आणि राजपूत चित्रे आणत होते. विद्यार्थ्यांनी त्याला विरोध केला, कारण त्यांना ‘खरी’ म्हणजे युरोपीय कला शिकायची होती. त्यात 1905 ची वंगभंगाची चळवळ पेटली आणि चित्राला देशाचे रूप दाखवण्याचे काम मिळाले. रविवर्म्याच्या तैलरंगातल्या देवता तेव्हा घरोघरी छापील चित्रांतून पोहोचल्या होत्या. अवनींद्रनाथांना देवी हवी होती, पण त्या साच्यातली नको होती.

मुंबईत 1947 मध्ये देशाचे रूप शोधण्याची निकड तशी राहिली नव्हती. फाळणी झालेली, त्याआधी 1943 चा बंगालचा दुष्काळ. धूसर वॉशमध्ये भूक रंगवता येत नाही, हे कलकत्ता ग्रुप या तिथल्या चित्रकारांच्या गटाने 1943 मध्येच ओळखले होते. 1950 मध्ये या दोन गटांचे कलकत्त्यात एकत्र प्रदर्शनही झाले. शिवाय सभासद कोण होते ते पाहा: पंढरपुरात जन्मलेले, सिनेमाची होर्डिंगे रंगवणारे हुसेन, घरगडी म्हणून राबलेले आरा, गोव्याच्या साळगावचे, 1945 मध्ये जे. जे.तून काढून टाकलेले सूझा. टागोरांच्या वाड्यातल्या अवनींद्रनाथांसारखा वारसा यांच्याकडे नव्हता. ‘आपली परंपरा’ कोणाची, हा प्रश्न एका गोव्याच्या ख्रिश्चनाला आणि एका मुसलमानाला वेगळाच पडणार. याच मुंबईत नाझींच्या छायेतून आलेले चित्रकार लँगहॅमर, समीक्षक फॉन लेडन आणि संग्राहक श्लेसिंगर होते. त्यांनी पुस्तके दाखवली, परीक्षणे लिहिली, चित्रे विकतही घेतली. संचात या तिघांचा उल्लेख नाही, तो हवा होता.

तेव्हा ‘भारतीय की पाश्चात्य’ याऐवजी ‘कशाच्या विरोधात आणि कोणाच्या आधाराने’ असे दोन रकाने केले तर तुलना जास्त नेमकी होईल. आणि ‘जमीन’ गटाचे प्रतिनिधी चित्र म्हणून ठेवायला माझी हरकत आहे. ते 1955 चे आहे. तोवर सूझा आणि बाकरे लंडनला आणि रझा पॅरिसला जाऊन काही वर्षे उलटली होती. त्या जागी सूझा किंवा आरा यांचे 1947 ते 1949 मधले एखादे चित्र ठेवावे.