तळेगावच्या सप्लायर क्वालिटीच्या जागेसाठी माझं नाव रेफर कराल का? – अश्विनी (चाकण, फायनल इन्स्पेक्शन)

सीमाताई, नमस्कार.

मी चाकणची अश्विनी. गेल्या दोन वर्षांत आपलं बोलणं झालं ते दिवाळीच्या शुभेच्छांपुरतं, आणि आज लिहितेय तेही कामासाठी. म्हणून आडवळण न घेता आधी कामाचंच सांगते.

तुमच्या कंपनीच्या साइटवर तळेगाव प्लांटसाठी ‘सीनिअर इंजिनिअर, सप्लायर क्वालिटी – कास्टिंग’ अशी जागा निघालीय. जॉब आयडी SQ-4172, शेवटची तारीख 28 जून. त्यासाठी तुम्ही माझं नाव रेफर कराल का? मी अजून अर्ज टाकलेला नाही. उमेदवाराने स्वतः अर्ज केला की बऱ्याच कंपन्यांत नंतरचं रेफरल धरत नाहीत, म्हणून मुद्दाम थांबलेय.

तुमच्या डिपार्टमेंटची जागा आहे की शेजारच्या, ते मला बाहेरून कळत नाही. तुम्ही आधीच कुणाचं नाव दिलं असेल, किंवा तिथे माझं नाव देणं तुम्हाला अवघड वाटत असेल, तर ‘नाही जमणार’ एवढे दोनच शब्द पाठवा. कारण विचारणार नाही. तुम्ही शब्द टाकणार म्हणजे तुमचं नाव पणाला लागणार, हे मला समजतं.

तुम्ही मला 2018 ते 2021 अशी तीन वर्षं पाहिलंय, पण ती जुनी अश्विनी. तिसऱ्या शिफ्टची ती रात्र आठवते का? 48 च्या बोअरला एच-8, म्हणजे 39 मायक्रॉनचा टॉलरन्स, आणि एअर गेजवर सगळे पार्ट छान मधोमध येत होते. मी खुशीत ट्रॉल्या पुढे सोडत होते. तुम्ही आलात, पार्टकडे बघितलंसुद्धा नाहीत आणि विचारलंत, ‘मास्टर कधी तपासलास?’ सेटिंग रिंग कुणाच्या तरी हातून पडली होती, कडेला नखाएवढा ठेचा होता आणि सगळी रीडिंग 8 मायक्रॉनने सरकली होती. पहाटेपर्यंत 640 पार्ट परत मोजले, 31 बाद झाले. तुम्ही माझ्यासोबत थांबलात आणि सकाळच्या मीटिंगमध्ये माझी चूक मलाच सांगायला लावलीत. तेव्हा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण आता मी कुठल्याही सप्लायरकडे गेले की पहिल्यांदा गेज रूममध्ये शिरते.

चाकण सोडल्यापासून भोसरीच्या एका मशिनिंग कंपनीत आहे. तिथे इनकमिंग आणि सप्लायर डेव्हलपमेंट दोन्ही माझ्याकडे, तीन फाउंड्र्या मीच बघते. त्यातलं एकच काम सविस्तर सांगते, कारण तुमच्या जागेला तेच लागणार आहे.

कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीतली आमची एक फाउंड्री दर पावसाळ्यात ब्लोहोलने हैराण व्हायची. दरवेळी एट-डीमध्ये तेच उत्तर: वाळूतला ओलावा वाढला, कामगाराला समज दिली. वाळूचे रोजचे रेकॉर्ड मागवले तर ओलावा साडेतीन टक्क्यांच्या आसपासच, वर्षभर. मग रिजेक्शन फक्त जून ते सप्टेंबरमध्येच का? गेल्या जुलैत दोन दिवस तिथे जाऊन राहिले. वाळूत काहीच नव्हतं, गडबड कोअरमध्ये होती. शनिवारी बनवलेले कोअर पत्र्याच्या शेडला लागून ठेवलेले, पावसाची झड थेट त्यांच्यावर, आणि मंगळवारी तेच मोल्डमध्ये बसवायचे. कोअरने ओल धरलेली, ओतताना गॅस सुटायचा. खर्च काय झाला? एक बंद खोली, साधा हीटर आणि प्रत्येक ट्रेवर तारीख-वेळेचं कार्ड. 24 तासांपेक्षा जुना कोअर परत भट्टीत वाळवल्याशिवाय लावायचा नाही. ऑगस्टपासून त्यांचं रिजेक्शन 4200 पीपीएमवरून 900 वर आलं. अर्थात तो पावसाळा अर्धा संपला होता. खरी परीक्षा यंदाच्या पावसात आहे, त्यामुळे 900 हा आकडा छाती फुगवून सांगत नाही.

बाकीचं रेझ्युमेत आहे: सहा पार्टचे पीपॅप पूर्ण केले, सगळे लेव्हल 3, एका फिक्श्चरमुळे 34 टक्के येणारा गेज आर-अँड-आर 9 वर आणला, आयएटीएफ 16949 ची इंटर्नल ऑडिटर आहे.

जे नाही तेही आत्ताच सांगते. जाहिरातीत व्हीडीए 6.3 चं सर्टिफिकेट मागितलंय, माझ्याकडे ते नाही. ऑगस्टच्या ट्रेनिंगसाठी नाव दिलंय, पण तोवर कुणी विचारलं तर सरळ ‘नाही’ म्हणा. आणि मधले सात महिने, 2021 च्या शेवटापासून, मी घरी होते. आईचं ऑपरेशन होतं. तुमच्या एचआरला ती गॅप दिसणारच.

पोर्टलवर तुमचा वेळ जाऊ नये म्हणून दोन फाइल जोडल्यात. एक रेझ्युमे, दोन पानी. दुसरीत पोर्टल सहसा जे विचारतं ते सगळं एका जागी आहे: आधारवरचं पूर्ण नाव, ईमेल, एकूण अनुभव, आत्ताचं सीटीसी 7.8 लाख, अपेक्षा 10 च्या आसपास, नोटीस पिरिअड 60 दिवस. खाली शिफारशीच्या चार ओळी इंग्रजीत लिहून ठेवल्यात. त्यात म्हटलंय ते असं:

‘अश्विनीने 2018 ते 2021 या काळात माझ्या हाताखाली फायनल इन्स्पेक्शनमध्ये काम केलं. मोजमापाची शिस्त तिच्याकडे पक्की आहे आणि स्वतःची चूक ती लपवत नाही. त्यानंतर तिने काय केलं ते मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही, पण कास्टिंग सप्लायरसोबतचं तिचं काम या जागेशी जुळतं. तिचा इंटरव्ह्यू घ्यावा असं मला वाटतं.’

तिसरं वाक्य मुद्दाम ठेवलंय. जे तुम्ही पाहिलं नाही त्याची ग्वाही तुमच्याकडून नको. आणि ‘शिस्त पक्की’ जास्त वाटत असेल तर बिनधास्त खोडा. त्या रात्रीनंतर तो हक्क तुमचाच आहे. पोर्टलला नुसतं नाव-ईमेल पुरत असेल तर एवढंही लिहायची गरज नाही.

नाव देण्याआधी माझ्याशी बोलावंसं वाटलं तर कधीही फोन करा, नंबर तोच आहे. संध्याकाळी साडेसातनंतर मी मोशीला घरी असते, रविवारी दिवसभर. तळेगावला भेटायचं म्हणालात तर तशी येईन, फक्त चाकण चौकातल्या ट्रॅफिकचा अर्धा तास धरून वेळ द्या.

20 जूनपर्यंत तुमच्याकडून काही आलं नाही तर तुम्ही कामात आहात असं समजून मी थेट अर्ज टाकेन. मधे आठवणीचे मेसेज पाठवणार नाही. रेफर केलंत तर फक्त ‘टाकलं’ एवढं कळवा, म्हणजे त्या जागेवर माझा दुसरा अर्ज जाणार नाही. पुढे इंटरव्ह्यूला बोलावलं किंवा नाही बोलावलं, दोन्ही तुम्हाला आधी माझ्याकडून कळेल.

जोडलेली दोन्ही फाइल फोनवरही उघडतात, तपासून बघितलंय.

तुमची,
अश्विनी

ता. क. ती ठेचा गेलेली रिंग मी चाकण सोडताना स्क्रॅपमधून परवानगी काढून घेतली होती. भोसरीत माझ्या टेबलावर असते, नवीन मुलं विचारतात हे काय, तेव्हा तुमचं नाव निघतं.