वार्षिक अहवाल २०२४-२५
(रविवार, १४ सप्टेंबर २०२५ च्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मांडण्यासाठी, हरिपूर रस्ता, सांगली)

सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो,
सस्नेह नमस्कार.

१ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या वर्षाचा अहवाल व्यवस्थापक समितीच्या वतीने आपल्यापुढे ठेवत आहे. लेखापरीक्षकांनी तपासलेला ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक सोबत जोडले आहे. वर्षभरात आपल्या इमारतीतील दोन ज्येष्ठ सभासद आपल्याला सोडून गेले. दोघेही १९९८ मध्ये ताबा मिळाल्या दिवसापासून इथे राहत होते. त्यांना समितीची विनम्र श्रद्धांजली.

हिशोब

२४ सदनिकांच्या देखभाल वर्गणीची आकारणी ४,३२,००० रुपये झाली. भाड्याने दिलेल्या पाच सदनिकांचे बिनभोगवटा शुल्क ९,००० रुपये, मुदत ठेवींचे व्याज ३८,४०० रुपये आणि थकबाकीवरील व्याज ६,२४० रुपये धरून एकूण उत्पन्न ४,८५,६४० रुपये. खर्च ४,६१,१४० रुपये. त्यात वॉचमनचा पगार १,३२,०००, सामाईक वीजबिल ८४,३६०, महापालिकेची पाणीपट्टी ६४,८००, साफसफाई ६०,००० आणि लिफ्टचा देखभाल करार ३६,००० या मोठ्या रकमा आहेत. बाकी तपशील पत्रकात आहे. शिल्लक २४,५०० रुपये राहिली आणि तिच्यातले २५ टक्के, म्हणजे ६,१२५ रुपये, कायद्याप्रमाणे राखीव निधीत टाकले.

या शिल्लकीवर कुणी समाधान मानू नये. रोजचा संसार चालतोय एवढाच तिचा अर्थ. इमारतीची तब्येत दुरुस्ती निधीवरून कळते आणि त्या निधीची स्थिती पुढे येतेच आहे.

मार्चअखेर चार सदनिकांकडे मिळून ६४,२०० रुपये थकले आहेत. नावे अहवालात मुद्दाम छापलेली नाहीत. समितीचे सदस्य प्रत्येकाच्या घरी जाऊन आले. एका घरात खरोखरच आजारपणाची अडचण आहे, त्यांना हप्ते बांधून दिले आहेत. उरलेल्या तिघांनी ३१ ऑक्टोबरपर्यंत रक्कम भरावी, अन्यथा सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ नुसार वसुली दाखल्यासाठी निबंधक कार्यालयात अर्ज करावा लागेल. शेजाऱ्यावर असा अर्ज करणे कुणालाच आवडत नाही, पण वेळेवर भरणाऱ्या वीस घरांवरही हा अन्यायच आहे.

लेखापरीक्षकांचे दोन शेरे आहेत : किरकोळ रोख खर्चाच्या काही व्हाउचरवर सही नव्हती, आणि सात सभासदांचे नामनिर्देशन अजून नाही. व्हाउचर पूर्ण केली आहेत. नामनिर्देशनाचे अर्ज आज टेबलावर ठेवले आहेत, कृपया भरूनच घरी जावे. यंदा एका घरावर वारस दाखल्यासाठी धावपळ करायची वेळ आली, ती एका कागदाने टळली असती.

दुरुस्त्या

या वर्षीचे सर्वांत मोठे काम मीटरचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा आपल्या पार्किंगमध्ये छातीएवढे पाणी होते. मीटरबोर्ड, पंपाचा स्टार्टर, सगळे बुडाले. पाणी उतरल्यावर आपण घाईघाईने सारे पुन्हा त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर बसवले. २०२१ च्या जुलैत ते पुन्हा भिजले. पूर ओसरल्यावरही आठ दिवस वीज नव्हती आणि चौथ्या मजल्यावरच्या आजी-आजोबांना मुलांनी बादल्यांनी पाणी पोहोचवले. हे विसरता येण्यासारखे नाही.

गेल्या सभेच्या मंजुरीनुसार आता सर्व मीटर आणि पंपाचा स्टार्टर पहिल्या मजल्याच्या लँडिंगवर नेले आहेत. महावितरणची परवानगी, परवानाधारक ठेकेदार, नवी केबल, अर्थिंग असा एकूण खर्च २,८६,००० रुपये. तीन कोटेशन घेतली होती, ती कार्यालयात पाहता येतील. लँडिंगची जागा थोडी अडली, त्याबद्दल पहिल्या मजल्यावरील सभासदांनी कुरकुर न करता सहकार्य केले. त्यांचे मनापासून आभार. इशारा पातळी ४० फूट आहे. पाणी तिकडे सरकू लागले की लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर नेऊन बंद करायची आणि गाड्या विश्रामबागेकडे हलवायच्या, असे ठरले आहे. ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहायची नाही.

गच्चीवरील टाकीची चीर ४१,५०० रुपयांत बुजवली.

आता निधी. वर्षाच्या सुरुवातीला दुरुस्ती निधीत ३,९८,००० रुपये होते, ७२,००० जमा झाले, वरील दोन कामांना ३,२७,५०० गेले. शिल्लक १,४२,५०० रुपये. सिंकिंग फंडात ६,३६,००० रुपये आहेत, त्याला हात लावलेला नाही.

पुढील काम

इमारतीला २७ वर्षे झाली. उपविधीप्रमाणे फेब्रुवारीत संरचनात्मक तपासणी करून घेतली. इमारत राहण्यास सुरक्षित आहे, पण पार्किंगमधील चार कॉलमचे कव्हर सुटले असून सळ्या गंजू लागल्या आहेत. दोन पुरांचे पाणी तिथेच मुरले होते. गच्चीचा कोबा फुटला आहे, डक्टमधील पाइप गळतात. अंदाजे खर्च : कॉलम १,७५,०००, गच्ची ३,९०,०००, पाइप १,४०,०००. एकूण ७,०५,००० रुपये.

जुलैच्या बैठकीत “आमच्या घरात गळत नाही, गच्चीचे पैसे आम्ही का द्यायचे?” असा प्रश्न आला होता. त्याचे स्पष्ट उत्तर द्यायला हवे. गच्चीतून आणि बाहेरून होणारी गळती दूर करणे उपविधीप्रमाणे संस्थेचेच काम आहे. वरच्या मजल्याच्या न्हाणीघरातून खालच्या घरात पाणी येत असेल, तर तो खर्च त्या सभासदाचा. स्लॅबमध्ये मुरलेले पाणी सळ्यांपर्यंत पोहोचते, आणि त्या सळ्यांवर चोवीसही घरे उभी आहेत.

निधी तोकडा का पडतो, तेही सांगतो. दुरुस्ती वर्गणी बांधकाम खर्चाच्या वार्षिक ०.७५ टक्के धरली जाते. आपण १९९८ चा सदनिकेमागे चार लाखांचा खर्च धरला, म्हणून महिना २५० रुपये. गवंड्याची मजुरी आणि सिमेंट मात्र आजच्या भावाने घ्यावे लागते. समितीचा प्रस्ताव असा : ऑक्टोबरपासून दुरुस्ती वर्गणी महिना ७५० रुपये करावी, आणि सदनिकेमागे एकदाच १२,००० रुपये ऑक्टोबर, डिसेंबर, फेब्रुवारी अशा तीन हप्त्यांत घ्यावेत. शिल्लक धरून पुढील बारा महिन्यांत ६,४६,५०० रुपये हाती येतील. दिवाळीनंतर कॉलम, एप्रिल-मेच्या उन्हात गच्ची, असे ५,६५,००० रुपयांचे काम पावसाआधी उरकेल. पाइपचे त्यानंतर. एप्रिल ते सप्टेंबर २०२५ ची जुन्या दराची वर्गणी किरकोळ डागडुजीला राहू द्यावी.

काही सभासदांनी गच्चीवर सौरपॅनेलची सूचना केली आहे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिव्यांसाठी ५ किलोवॅट पुरेल, आणि केंद्राच्या योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. सूचना चांगली आहे, फक्त आधी कोबा. फुटक्या कोब्यावर पॅनेलचे पाय रोवले, तर पुढच्या वर्षी तेच उपटावे लागतील.

जमिनीचे मानीव अभिहस्तांतरण अजून झालेले नाही. सातबारा, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाले आहे. नोंदणीकृत करारांच्या प्रती नऊ सभासदांकडून यायच्या आहेत, त्या महिनाअखेर द्याव्यात. जमीन संस्थेच्या नावावर आल्याशिवाय उद्या पुनर्विकासाचा विषय निघाला, तर आपल्या शब्दाला वजन राहणार नाही.

हिशोब, दुरुस्ती वर्गणीतील वाढ आणि १२,००० रुपयांची विशेष वर्गणी हे तीन ठराव चर्चेसाठी व मंजुरीसाठी सभेपुढे ठेवत आहे.

आपला,
सचिव
व्यवस्थापक समितीकरिता