थकबाकीचे स्मरणपत्र (मूळ गुजराती पत्राचा मराठी अनुवाद)

सुरत, शनिवार, 11 ऑक्टोबर 2025

रा. रा. सुधाकरभाऊ, नाशिक यांस,
सप्रेम जय श्रीकृष्ण.

आपल्याकडे पाठवलेल्या साड्यांच्या दोन बिलांपैकी एकूण 85,750 रुपये (पंच्याऐंशी हजार सातशे पन्नास) येणे बाकी आहे.

बिल क्र. 412, दि. 4 ऑगस्ट 2025, रक्कम 68,500 रुपये. यापैकी 30,000 रुपये 20 सप्टेंबरला जमा झाले. उरलेले 38,500 रुपये (अडतीस हजार पाचशे) देण्याची 60 दिवसांची मुदत 3 ऑक्टोबरला संपली आहे. धनत्रयोदशीपर्यंत, म्हणजे शनिवार, 18 ऑक्टोबर 2025 रोजी संध्याकाळी 6 पर्यंत, ही रक्कम खात्यात यावी.

बिल क्र. 437, दि. 29 ऑगस्ट 2025, रक्कम 47,250 रुपये (सत्तेचाळीस हजार दोनशे पन्नास). याची मुदत मंगळवार, 28 ऑक्टोबर 2025 पर्यंत आहे; त्याआधी हे पैसे मागत नाही.

दिवाळीला वहीपूजन करण्याआधी जुनी बाकी मिटावी, एवढीच विनंती. पेढी 20 ते 25 ऑक्टोबर बंद राहील आणि लाभपंचमीला, रविवार, 26 ऑक्टोबरला उघडेल. पैसे नेहमीच्याच खात्यात भरा आणि बिल क्रमांक जरूर लिहा, नाहीतर जमा चुकीच्या बिलावर पडते. आपल्या वहीत आकडा वेगळा दिसत असेल तर 18 तारखेच्या आत फोन करा, दोघे मिळून हिशेब जुळवू. रक्कम आधीच पाठवली असल्यास बँकेचा व्यवहार क्रमांक तेवढा कळवा.

इतक्या वर्षांचा आपला व्यवहार चोख आहे, म्हणूनच मोकळेपणाने लिहिले. घरी सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा.

आपला,
जिग्नेशभाई
रिंग रोड, सुरत